एलएफपी बॅटरी पूर्ण भरायची का नाही? फोनचा 80 टक्क्यांचा नियम आला कुठून

फोन 80 टक्क्यांवर काढायचा ही सवय आपल्याला इतकी लागलीय की घरात पोर्टेबल पॉवर स्टेशन किंवा सोलरची एलएफपी, म्हणजे लिथियम लोह फॉस्फेटची बॅटरी आली की तिलाही तोच नियम लावतो. दोन्ही लिथियमच, मग नियम वेगळा कसा? ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

फोनच्या सेलची सुरुवात 1980 ची. ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ यांच्या टीमने कोबाल्ट ऑक्साईडचा कॅथोड, म्हणजे सेलची धन बाजू, शोधला आणि 1991 मध्ये सोनीने त्यावरची बॅटरी बाजारात आणली. कोबाल्टचा सेल 4.2 व्होल्टपर्यंत भरतात, नव्या फोनमध्ये तर 4.4 च्या आसपास. एवढ्या व्होल्टेजला आतलं इलेक्ट्रोलाइट हळूहळू सडायला लागतं, आणि सेल तासन् तास तिथेच धरून ठेवला, वर फोन गरम असला, की आयुष्य भराभर कमी होतं. म्हणजे 80 टक्क्यांचा नियम मुळात वरच्या व्होल्टेजपासून लांब राहायचा नियम आहे.

पुढे हेच गुडइनफ टेक्सासला गेले आणि 1997 मध्ये पाधी, नंजुंडस्वामी यांच्यासोबत लोह फॉस्फेटवरचा, म्हणजे एलएफपीचा पेपर आला. लोखंड स्वस्त, आणि फॉस्फेट ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवतं म्हणून सेल तापला तरी कोबाल्टसारखा पटकन पेटत नाही. पण त्यातून वीज नीट वाहत नव्हती, कणांवर कार्बनचा थर द्यायचं जमल्यावर मग तो कामाचा झाला. हा सेल 3.2 व्होल्टचा, भरायची हद्द 3.65. त्या व्होल्टेजला इलेक्ट्रोलाइटला कोबाल्टइतका त्रास होत नाही, त्यामुळे 80 वर थांबण्यामागचं मोठं कारण इथे बरंचसं उरतच नाही.

उलट इथे दुसरीच अडचण आहे. एलएफपीचं व्होल्टेज साधारण 20 ते 90 टक्के जवळजवळ सपाट असतं, 3.3 च्या आजूबाजूला, त्यामुळे व्होल्टेज बघून बॅटरी 40 वर आहे का 70 वर हे कळतच नाही. बीएमएस, म्हणजे बॅटरीतलं सेल सांभाळणारं सर्किट, मग आत गेलेला आणि बाहेर आलेला करंट मोजत बसतो, त्यात रोज थोडी चूक साठते आणि बॅटरी खरोखर फुल झाली की तेव्हाच आकडा पुन्हा 100 वर जुळतो. सेल एकमेकांशी जुळवणारा बॅलन्सरही बहुतेक बीएमएसमध्ये 3.4 च्या वर गेल्यावरच जागा होतो. कधीच पूर्ण भरली नाही तर ही दोन्ही कामं होतच नाहीत.

हे मामाच्या शेतघरावर डोळ्यांनी बघितलं. चार सेलची 12.8 व्होल्ट 100 अ‍ॅम्पिअर-तासाची बॅटरी, मामाने जपायचं म्हणून सोलरचा चार्ज कंट्रोलर 13.4 व्होल्टवर बांधून ठेवलेला. पाच महिन्यांनी स्क्रीनवर 35 टक्के दिसत असताना संध्याकाळी लाईट गुल! सेटिंग 14.2 केलं तर सकाळी 13.9 वरच चार्जिंग तुटलं. एकेक सेल मोजला तर 3.65, 3.42, 3.42, 3.41. एकटा सेल हद्दीला पोचला की बीएमएस सगळ्यांचं चार्जिंग बंद करतो, म्हणजे एकूण व्होल्टेजकडे बघून बॅटरी बिघडलीय असं वाटतं पण सेल नुसते एकमेकांपासून सरकलेले असतात.

मग 13.8 ला, करंट 5 अ‍ॅम्पिअरवर आणून तसंच राहू दिलं. बॅलन्सर 50 मिलिअ‍ॅम्पिअरचा, फरक 5 अ‍ॅम्पिअर-तासाचा धरला तर 100 तास लागणार, आणि बॅटरी वर टेकून राहते दुपारी चार-पाच तासच, म्हणजे वीस-पंचवीस दिवस. मामा म्हणाले "एवढे दिवस?" पण तेवढेच लागले, मग 14.2 केलं आणि आकडाही जुळला.

म्हणून सोलरला अशी चार सेलची बॅटरी रोज किंवा निदान आठवड्यातून एकदा 14.2 पर्यंत भरू द्यायची, थोडा वेळ थांबायचं आणि फ्लोट, म्हणजे भरल्यावर धरून ठेवायचं व्होल्टेज, असेल तर 13.5 च्या आसपास खाली आणायचा. टेस्लाही एलएफपीवाल्या गाड्यांना आठवड्यातून एकदा 100 टक्के भरायला सांगते. पण फुल भरून महिनोन् महिने ठेवून देणं वेगळं, उन्हाळ्यात पत्र्याखाली तर नकोच, पॉवर स्टेशन कपाटात ठेवायचं असेल तर अर्ध्यावर ठेवा आणि दर तीन महिन्यांनी बघा.

जुन्या इन्व्हर्टरवर एलएफपी लावताना अजून एक, ट्यूब्युलर बॅटरीचा इक्वलाइझ मोड आणि तापमानानुसार व्होल्टेज बदलणारं सेटिंग दोन्ही बंद करा, ते लेड-अ‍ॅसिडसाठीचे आहेत, इक्वलाइझमध्ये व्होल्टेज 15 च्याही वर जातं. आणि शून्य अंशाखाली चार्जिंग नको, हे मात्र फोनच्या सेललाही तसंच लागू आहे कारण ग्राफाइट दोघांतही सारखंच, थंडीत लिथियम आत न शिरता वरच साचतो.