नर्सिंग फिलॉसॉफीचे चार रकाने आले कुठून?

परदेशातल्या नर्सिंग अभ्यासक्रमासाठी अर्ज करताना, किंवा पोर्टफोलिओ लावताना, 'माझी नर्सिंग फिलॉसॉफी' लिहून मागतात. अनुभवी सिस्टरसुद्धा तिथे एकच साचा गिरवतात: माणूस, पर्यावरण, आरोग्य आणि नर्सिंग यांवर एकेक परिच्छेद, शेवटी 'म्हणून मला हा अभ्यासक्रम करायचा आहे'. हा साचा जेमतेम पन्नास वर्षांचा आहे, आणि मुळात तो व्यक्तीसाठी बनलेलाच नव्हता.

त्याआधीच्या काळात वैयक्तिक तत्त्वज्ञान कोणी विचारत नसे. शपथ होती, पण ती सगळ्यांनी मिळून म्हणायची. अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका प्रशिक्षण शाळेत 1893 मध्ये तयार झालेली शपथ आजही आपल्याकडे दिवा हातात घेऊन म्हटली जाते. तिच्यात निष्ठा आणि डॉक्टरांना साथ देण्याचे वचन आहे. स्वतःच्या मताला जागा नाही.

बदल झाला तो 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला. अमेरिकेत पदवी महाविद्यालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने प्रत्येक महाविद्यालयाकडून अभ्यासक्रमामागची वैचारिक चौकट मागायला सुरुवात केली. महाविद्यालयांनी ती लिहिली. पुढे 1974 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत या महाविद्यालयांच्या लिखाणात कोणत्या कल्पना पुन्हा पुन्हा येतात हे तपासले गेले. चार निघाल्या: मनुष्य, समाज, आरोग्य, नर्सिंग. दहा वर्षांत 'समाज' जाऊन 'पर्यावरण' आले, 'मनुष्य'साठी वापरलेल्या 'मॅन' या पुरुषवाचक इंग्रजी शब्दाच्या जागी 'व्यक्ती' आली, आणि 1984 पर्यंत हे चौघे संपूर्ण विद्याशाखेचा पाया म्हणून पाठ्यपुस्तकांत बसले.

इथेच वाद आहे. पाहणीने सांगितले होते की महाविद्यालये असे लिहितात. पुस्तकांनी त्याचे केले की नर्सिंग म्हणजे हेच. मग शिक्षकांनी विद्यार्थ्यांना गृहपाठ दिला: याच चार मथळ्यांखाली स्वतःची श्रद्धा लिहा. संस्थेने मान्यतेसाठी लिहिलेल्या कागदाचा सांगाडा असा व्यक्तीच्या अर्जात शिरला. 1980 च्या दशकातच आक्षेप निघाला की नर्सिंगची व्याख्या करताना नर्सिंग हाच एक घटक धरणे म्हणजे गोल गोल फिरणे. 1991 मध्ये 'काळजी' ही कल्पना केंद्रस्थानी ठेवणारी वेगळी मांडणीही आली. तरी गृहपाठाचे चार मथळे हलले नाहीत. मला कारण साधे वाटते: चार रकान्यांना गुण देणे सोपे जाते.

आपल्याकडच्या उमेदवाराला हे जास्त टोचते. नर्सिंगची पदवी भारतात 1946 मध्ये दिल्ली आणि वेल्लोर इथे सुरू झाली. अभ्यासक्रमाच्या पुस्तकात तत्त्वज्ञानाचे पान असते, पण ते नियामक मंडळाचे, 'आमची अशी श्रद्धा आहे' या थाटाचे. प्रवेश गुणांवर होतो. त्यामुळे स्वतःचे पान लिहायची वेळ बहुतेकींवर परदेशी अर्जातच पहिल्यांदा येते, आणि मग तेच 'आमची' बदलून 'माझी' होते. 'रुग्ण हा शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक घटकांनी बनलेला आहे' हे वाक्य कोणाच्याही नावावर खपते, यावरूनच ते ओळखावे.

आपल्या सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डातला नेहमीचा प्रसंग घ्या. पक्षाघाताच्या रुग्णाला नाकातल्या नळीने भरवणे, दर दोन तासांनी कूस बदलणे ही कामे बऱ्याचदा नातेवाईक करतात, कारण एका सिस्टरकडे खाटा फार. हा नातेवाईक कोणत्या रकान्यात घालायचा? तो रुग्ण नाही, आणि त्याला पर्यावरण म्हणणे चमत्कारिक. ज्या सिस्टरने लिहिले की 'भरवताना डोक्याकडची बाजू उंच ठेवायची, आधी नळीची खूण जागेवर आहे ना पाहायचे, हे मी सुनेकडून करवून घेते, आणि तिने माझ्यासमोर करून दाखवल्याशिवाय घरी सोडायच्या कागदावर 'शिकवले' अशी नोंद करत नाही', तिची श्रद्धा त्या कृतीतच दिसते. रुग्णाची ओळख पटेल असे मात्र काही लिहायचे नाही. गोपनीयतेचा भंग दिसला तर चांगला अर्जही बाद होऊ शकतो.

ब्रिटनचा रस्ता वेगळा. तिथे 1990 च्या दशकाच्या मध्यापासून नोंदणी टिकवायला व्यावसायिक प्रोफाइल ठेवावी लागू लागली, आणि 2016 पासून दर तीन वर्षांनी पाच चिंतनपर नोंदी लागतात. त्या घडलेल्या अनुभवावर किंवा शिक्षणावर असतात, फिलॉसॉफीवर नव्हे. दोन्हींची गल्लत करून अमेरिकी चार रकाने ब्रिटिश पोर्टफोलिओत चिकटवलेले दिसतात. एका रुग्णालयातल्या हेळसांडीच्या चौकशीचा अहवाल 2013 मध्ये आल्यानंतर तिथे प्रवेशाच्या वेळीच मूल्ये तपासण्यावर भर आला. त्याच्या थोडे आधी, 2012 च्या अखेरीस, इंग्रजी 'सी'पासून सुरू होणारे सहा शब्द धोरण म्हणून जाहीर झाले होते: काळजी, करुणा, क्षमता, संवाद, धैर्य, बांधिलकी. आता तिकडच्या अर्जांत चार रकान्यांऐवजी हे सहा शब्द ओळीने येतात.