साखरेचा रिपोर्ट वाचण्याआधी हिमोग्लोबिन बघा

शेजारच्या वहिनी परवा ‘फुल बॉडी चेकअप’चे कागद घेऊन आल्या. वय ४१. साखरेच्या तपासणीत एचबीएवनसी ६.१ आणि पुढे जाड अक्षरांत ‘प्रीडायबेटिस’, म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. धसका घेऊन त्यांनी आठवडाभर भात बंद केला होता. मी पान उलटून हिमोग्लोबिन शोधलं. ते होतं ९.२, आणि बाईमाणसाचं निदान १२ तरी हवं. उपाशीपोटीची साखर मात्र ९१ म्हणजे व्यवस्थित.

मग ६.१ आलं कुठून? रक्तातली साखर तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटते आणि एकदा पक्की चिकटली की पेशी मरेपर्यंत सुटत नाही. पेशी साधारण १२० दिवस जगते. एचबीएवनसी म्हणजे किती टक्के हिमोग्लोबिनला अशी साखर चिकटली आहे, त्याचं मोजमाप. त्यावरून आपण गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज बांधतो. पण या अंदाजात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: रक्तात कोवळ्या आणि जुन्या पेशींचं प्रमाण नेहमीसारखं आहे. लोह कमी पडलं की हाडांच्या मज्जेत नव्या पेशी कमी तयार होतात, रक्तात जुन्यांचा भरणा वाढतो. जुनी पेशी साखरेत जास्त दिवस मुरलेली असते. त्यामुळे साखर न वाढताही आकडा वर सरकू शकतो.

उलटही घडतं. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात तांबड्या पेशी लवकर फुटतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि खरा मधुमेहसुद्धा आकड्यात लपतो. विदर्भात, नंदुरबारकडे हा आजार जास्त आढळतो, तिथे हे डॉक्टरांनी मुद्दाम लक्षात ठेवायला हवं. अशा वेळी थेट साखरच मोजावी.

वहिनींच्या डॉक्टरांनी तेच केलं. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर तपासली, ११८ आली. १४० च्या आत, म्हणजे नॉर्मल. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला होता. पाळीत अंगावरून खूप जात होतं, म्हणून आधी त्यावर उपचार आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. बीटाचा रस लाल असतो म्हणून रक्त वाढतं, हा समज मात्र सोडा; बीटात लोह फार थोडं असतं.

पॅकेजमधल्या बाकीच्या आकड्यांपैकी कोलेस्टेरॉलचा विचार वय, रक्तदाब, तंबाखू यांच्यासोबतच करायचा. ‘ड’ जीवनसत्त्व तर हाडं दुखत नसतील, दुसरं काही कारण नसेल, तर धडधाकट माणसाने दरवर्षी तपासायची गरजच नाही.

तीन महिन्यांनी वहिनींचं हिमोग्लोबिन १२.१ झालं, एचबीएवनसी ५.५. गोळ्या अजून चालूच आहेत, कारण हिमोग्लोबिन सावरलं तरी लोहाचा साठा भरायला आणखी काही महिने लागतात.