सातबारा कुणाच्या नावावर? एक्स-डेट आणि रेकॉर्ड डेटची पार्श्वभूमी

अमळनेरला शेअर हा शब्द आला तो तेलाच्या कारखान्याबरोबर. २९ डिसेंबर १९४५ रोजी नोंदलेल्या वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या कंपनीने इथे वनस्पती तूप काढायला सुरुवात केली. तीच पुढे विप्रो झाली. गावातल्या अनेक घरांनी त्या काळापासून तिचे शेअर जपून ठेवले आहेत. त्यामुळे इथे कुणी ‘औंदा कितला उना?’ असं विचारलं, तर ते पावसाबद्दल आहे की कंपनी नफ्यातून शेअरमागे वाटते त्या डिव्हिडंडबद्दल, हे समोरचा माणूस पाहूनच ठरवावं लागतं.

पण शेअर नुकताच हातबदल झालेला असेल, तर डिव्हिडंड विकणाऱ्याचा की घेणाऱ्याचा? हे समजायला खानदेशातल्या माणसाला शेअर बाजारापेक्षा सातबारा जवळचा. समजा तुम्ही रावेरकडे जमीन घेतली, खरेदीखत झालं, पैसे दिले, पण फेरफार अजून नोंदला गेला नाही. तेवढ्यात गारपिटीची भरपाई जाहीर झाली, तर तलाठ्याच्या यादीत नाव जुन्या मालकाचंच असणार. डिव्हिडंडचं मूळ तत्त्वही हेच: कंपनी फक्त आपल्या सभासद नोंदवहीतलं नाव ओळखते. व्यवहार कुणाचा कुणाशी झाला, हे तिला बघायचं नसतं.

कागदी शेअरच्या काळात हा फेरफार फार हळू चालायचा. प्रमाणपत्र, सही केलेलं ट्रान्सफर डीड, त्यावर मुद्रांकाची तिकिटं, हे सगळं पोस्टाने कंपनीकडे जायचं. विकणाऱ्याची सही कंपनीकडच्या नमुन्याशी जुळली नाही, की कागद परत. शिवाय डीडवर घेणाऱ्याचं नाव कोरं ठेवून तोच कागद चार हातांतून फिरवण्याची चालही होती. शेअर फिरत राहायचा आणि नोंदवहीत नाव पहिल्याचंच राहायचं.

मग डिव्हिडंडची यादी कधीची धरायची? यासाठी कंपन्या नोंदवही काही दिवस चक्क बंद ठेवत. याला बुक क्लोजर म्हणतात. १९५६ च्या कंपनी कायद्याने त्याला मर्यादा घातली: एका वेळी जास्तीत जास्त ३० दिवस आणि वर्षभरात एकूण ४५ दिवस. या काळात नवी नावं चढत नसत, आणि वही बंद होताना जी नावं होती त्यांना वॉरंट, म्हणजे डिव्हिडंडचे चेकसारखे कागद, निघत. वही बंद न करता एकच दिवस ठरवून त्या दिवसाची नावं धरायची, ही सोपी पद्धत म्हणजे रेकॉर्ड डेट. आज बहुतेक वेळा तीच दिसते.

विकलेल्या शेअरचं वॉरंट जुन्या मालकाच्या दारात आलं, तर काय? यावर १९५६ च्याच सिक्युरिटीज काँट्रॅक्ट्स कायद्याचं कलम २७ आहे आणि मला ते फार बोलकं वाटतं. ते सांगतं की नोंदवहीत ज्याचं नाव आहे त्याने, शेअर विकून मोकळा झाला असला तरी, डिव्हिडंड घ्यावा आणि खुशाल ठेवावा. अपवाद एकच. डिव्हिडंड देय झाल्यापासून १५ दिवसांच्या आत घेणाऱ्याने कागद नोंदणीसाठी कंपनीकडे दाखल केले असतील, तर त्याचा हक्क उभा राहतो. या १५ दिवसांना सवलतही आहे. घेणारा मरण पावला, कागद चोरीला गेले किंवा पोस्टाने उशीर केला, तर तेवढा वेळ वाढवून मिळतो. टपालातल्या दिरंगाईला कायद्यात नाव घेऊन जागा दिली आहे, यावरून तो काळ लक्षात यावा.

एक्स-डेट निघाली ती या गोंधळावर बाजाराने काढलेला तोडगा म्हणून. व्यवहार झाल्यावर शेअर घेणाऱ्याच्या नावावर यायला किती दिवस लागतात, ते धरून बाजार आधीच एक तारीख जाहीर करतो. त्या तारखेपासून पुढची खरेदी डिव्हिडंडशिवाय. उभ्या केळीसकट बाग विकली तर भाव वेगळा आणि घड उतरवल्यावर विकली तर वेगळा, तसंच हे.

१९९६ चा डिपॉझिटरी कायदा आला, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात सांभाळणाऱ्या एनएसडीएल या संस्थेचं काम सुरू झालं आणि कागद संपायला लागले. डिमॅटमध्ये नाव बदलणं म्हणजे खात्यातली एक नोंद. उरला तो फक्त सौदापूर्तीचा, म्हणजे सौद्यानंतर शेअर आणि पैसे प्रत्यक्ष पोचण्याचा वेळ. २००१ च्या अखेरीस सौद्यानंतर पाच दिवसांनी पूर्तता होत असे. एप्रिल २००२ पासून तीन दिवस झाले आणि एप्रिल २००३ पासून दोन. दोन दिवसांच्या काळात एक्स-डेट रेकॉर्ड डेटच्या एक कामाचा दिवस आधी पडायची. जुन्या गुंतवणूकदारांच्या डोक्यात हाच हिशोब पक्का बसला आहे आणि तो आता चुकतो. २७ जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअरची पूर्तता एका दिवसात होते, म्हणून साधारणपणे एक्स-डेट आणि रेकॉर्ड डेट एकाच दिवशी येतात.

समजा एका कंपनीने शेअरमागे १० रुपये डिव्हिडंड जाहीर केला आणि रेकॉर्ड डेट सोमवार आहे. शुक्रवारी ५०० रुपयांना १०० शेअर घेतले, तर ते सोमवारी खात्यात येतात. दिवसअखेरच्या यादीत तुमचं नाव असतं आणि १,००० रुपये तुमचे. सोमवारी सकाळी घेतले, तर शेअर मंगळवारी येणार. डिव्हिडंड विकणाऱ्याला मिळतो, आणि त्यात त्याने तुम्हाला फसवलं असं काही नाही. सोमवारी भाव साधारण दहा रुपये खाली उघडतो, तो यासाठीच. त्या दिवशीची बाजाराची इतर हालचाल त्यात मिसळत असल्याने नेमके दहा रुपये मात्र दिसतीलच असं नाही. शुक्रवारी घेऊन सोमवारी विकून टाकणाऱ्यालाही डिव्हिडंड मिळतो, कारण त्याचे शेअर खात्यातून मंगळवारी जातात. पण भावात दहा गेले, हातात दहा आले आणि त्यावर कर लागला. एप्रिल २०२० पासून डिव्हिडंडवरचा कर घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरला जातो, तेव्हा या उद्योगात साधारणपणे तोटाच. मध्ये सुटी असेल, तर स्वतःचा हिशोब न लावता बाजाराने जाहीर केलेली एक्स-डेटच बघावी.

आणखी एक. वार्षिक डिव्हिडंडची संचालक मंडळ फक्त शिफारस करतं, मंजुरी सर्वसाधारण सभेत मिळते, आणि रेकॉर्ड डेट बऱ्याचदा सभेच्या आधीची असते. त्यामुळे सभेच्या दिवशी हातात एकही शेअर नसलेल्याच्या खात्यात पैसे जमा होऊ शकतात. मंजुरीनंतर कंपनीला ३० दिवसांत ते द्यावे लागतात.

कागदाचे शेअर अजून कपाटात असलेल्या घरांत मात्र सातबाऱ्याचाच जुना प्रश्न उरला आहे. नोंदवहीत नाव आजोबांचं, आजोबा गेलेले. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर विकून नावावर करता येत नाहीत, वारसाने नावावर करून घेता येतात. एप्रिल २०२४ पासून तर फोलिओला, म्हणजे नोंदवहीतल्या खात्याला, पॅन, बँक खातं, सही यांची पूर्तता नसेल तर डिव्हिडंड निघतच नाही, कंपनीकडे पडून राहतो. सलग सात वर्षं कुणी तो घेतला नाही, की रक्कम आणि त्यामागचे शेअर दोन्ही सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातात. तिथून परत मागायचा अर्ज IEPF-5, आणि तो भरायच्या आधी वारसाचं नाव लावून घ्यावं लागतं.