ग्रुप ऑडिट: परदेशी उपकंपन्यांचं स्कोपिंग आणि तिथल्या ऑडिटरला द्यायच्या सूचना

मूळ कंपनी आणि तिच्या सगळ्या उपकंपन्या मिळून जो एकत्रित हिशोब बनतो त्याच्या ऑडिटला ग्रुप ऑडिट म्हणतात. मूळ कंपनीचा ऑडिटर तो ग्रुप ऑडिटर, आणि त्याच्यासाठी एखाद्या उपकंपनीचं काम बघणारा तो कंपोनेंट ऑडिटर. खान्देशात हा विषय आता लांबचा राहिलेला नाही, जळगावचे ठिबकचे आणि पीव्हीसी पाईपचे कारखाने परदेशात माल पाठवतात, तिकडे कंपनी उघडतात, आणि मग इथल्या सीए ऑफिसला नैरोबीच्या ऑडिटरला पत्र लिहायची वेळ येते.

ग्रुप ऑडिटचं आंतरराष्ट्रीय मानक आहे आयएसए ६००, त्याची सुधारित आवृत्ती १५ डिसेंबर २०२३ किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या वर्षांना लागू झाली. आपल्याकडच्या जुन्या एसए ६०० ची रीत वेगळी, त्यात दुसऱ्या ऑडिटरच्या रिपोर्टवर भरवसा ठेवून तसं आपल्या रिपोर्टात लिहिता येतं. ऑडिटवर देखरेख ठेवणाऱ्या नॅशनल फायनान्शियल रिपोर्टिंग ऑथॉरिटीने २०२४ मध्ये नवा मसुदा आणला तो आयएसएच्या वाटेवरचा, म्हणजे सगळ्या कामाची जबाबदारी ग्रुप ऑडिटरची आणि कंपोनेंट ऑडिटर त्याच्याच टीमचा भाग. पुढची सगळी मांडणी याच पद्धतीने आहे.

एक काल्पनिक ग्रुप घेऊ. जळगाव एमआयडीसीतली ठिबकचं सामान बनवणारी लिस्टेड कंपनी, आपसातली विक्री वजा करून ग्रुपची विक्री १२०० कोटी, करपूर्व नफा ६० कोटी. विक्रीत जळगावचा वाटा ७७० कोटी, तुर्कीच्या कारखान्याचा २३०, इंग्लंडच्या ट्रेडिंग कंपनीचा १५५ आणि केनियाचा ४५ कोटी. मटेरियालिटी म्हणजे ज्याच्या वरची चूक हिशोब वाचणाऱ्याचा निर्णय बदलू शकते तो आकडा. नफ्याच्या ५ टक्के धरून ग्रुप मटेरियालिटी ३ कोटी येते, आणि त्याच्या ७५ टक्के म्हणजे सव्वादोन कोटी ही ग्रुपची परफॉर्मन्स मटेरियालिटी, म्हणजे प्रत्यक्ष तपासणीसाठी मुद्दाम खाली ठेवलेली मर्यादा. ही टक्केवारी कायद्यात लिहिलेली नाही, ऑडिटरने विचार करून ठरवायची असते.

आता प्रत्येक कंपनीला स्वतःची परफॉर्मन्स मटेरियालिटी द्यायची आणि ती सव्वादोन कोटीपेक्षा कमीच हवी. कारण सरळ आहे, चार ठिकाणच्या चार ऑडिटरांनी आपापल्या मर्यादेखालच्या चुका सोडून दिल्या आणि त्या सगळ्या एकाच दिशेच्या निघाल्या तर बेरीज ग्रुपच्या मर्यादेच्या वर जाते. म्हणून जळगावला १.८ कोटी, तुर्कीला १.२, इंग्लंडला १ कोटी आणि केनियाला ७० लाख. ही बेरीज सव्वादोनच्या वर जाते म्हणून बरेच जण गोंधळतात, पण ती जुळवायची नसतेच, प्रत्येक आकडा एकेकटा ग्रुपच्या आकड्याखाली असला की झालं.

स्कोपिंग म्हणजे कुठल्या कंपनीत किती ऑडिट करायचं ते ठरवणं, त्यात लोक घसरतात ते आकारावर. तुर्की मोठी आहे आणि तिथली अर्थव्यवस्था २०२२ पासून हायपरइन्फ्लेशनमध्ये, म्हणजे बेसुमार महागाईत धरली जाते, त्यामुळे तिथे पूर्ण ऑडिट ठेवायचं हे कोणीही सांगेल. केनिया मात्र विक्रीच्या ४ टक्केही नाही, म्हणून तिला फक्त वरवर आकडे बघून सोडलं जातं. त्यात सेबीचा नियम आडवा येतो, लिस्टेड कंपनीच्या तिमाही निकालांत एकत्रित विक्री, मालमत्ता आणि नफा यांचा किमान ८० टक्के भाग ऑडिट किंवा त्याहून हलकी तपासणी म्हणजे लिमिटेड रिव्ह्यू झालेला लागतो, आणि ८० टक्के झाले की स्कोपिंग झालं असं समजलं जातं. तसं नाहीये. ते निकालांसाठीचं किमान प्रमाण आहे, चूक कुठे होऊ शकते हे त्यातून कळत नाही.

केनियात चूक कुठे होऊ शकते ते बघा. ती कंपनी काही बनवत नाही, जळगावचा माल घेते आणि विकते. जळगाव विक्रीच्या किमतीवर २५ टक्के नफा लावून माल देतं. मार्चअखेर त्यातला जो माल नैरोबीच्या गोडाऊनमध्ये पडून आहे त्यावरचा नफा ग्रुपच्या नजरेने अजून कमावलेलाच नाही, तो एकत्रित हिशोबातून काढावा लागतो. तर समजा गोडाऊनमध्ये जळगावचा माल ६ कोटींचा आहे, पण एकत्रीकरणासाठी जळगावला जे तक्ते पाठवतात त्या रिपोर्टिंग पॅकेजच्या 'ग्रुपकडून घेतलेला साठा' या रकान्यात फक्त २ कोटी भरलेत, कारण बाकीचा ४ कोटींचा माल स्थानिक कोडखाली चढवलेला. एकूण साठा बरोबर, मोजणी बरोबर, किंमत बरोबर. केनियाच्या ऑडिटरला चूक दिसत नाही कारण त्याच्या वहीत चूक नाहीच. ग्रुपमध्ये मात्र १ कोटीचा नफा जास्त राहिला.

त्यात २८ मार्चला न्हावा शेवाला जहाजावर चढलेला २ कोटींचा माल धरा, अटी एफओबी, म्हणजे जहाजावर चढला की माल केनियाचा. जळगावने विक्री धरली, केनियाने माल मोंबासाला पोचल्यावर एप्रिलमध्ये नोंदवला. केनियाच्या नफ्यावर याचा काही परिणाम नाही, साठा आणि देणं दोन्ही सारखंच कमी, म्हणून तिथला ऑडिटर ते सोडून देऊ शकतो. ग्रुपमध्ये जळगावच्या येण्यासमोर देणंच सापडत नाही, आणि मालावरचे ५० लाख नफ्यात राहतात. दोन्ही मिळून दीड कोटी, म्हणजे ग्रुप मटेरियालिटीच्या निम्मे, आणि तेही सर्वात लहान कंपनीतून. आपसातल्या येण्या-देण्यात फरक दिसला आणि कोणीतरी तो 'मार्गस्थ माल' म्हणून एका एन्ट्रीत बसवला, तर तिथेच थांबून माल जहाजावर चढल्याची पावती म्हणजे बिल ऑफ लेडिंग मागवायचं.

म्हणून केनियाला पूर्ण ऑडिटची गरज नाही पण ठराविक कामाची आहे: साठ्याची मोजणी आणि त्यातला ग्रुपचा माल, कोणता व्यवहार मार्चचा आणि कोणता एप्रिलचा हा कटऑफ, आणि सरकारी प्रोजेक्टची अडकलेली उधारी. हे इन्स्ट्रक्शन लेटरमध्ये स्पष्ट लिहावं लागतं. ७० लाखांचा आकडा, १५ लाखांवरची प्रत्येक सापडलेली चूक कळवायची, कोणता रकाना तपासायचा, संबंधित पक्षांची यादी, इंड एएस या भारतीय हिशोब मानकांप्रमाणे काय वेगळं करायचं, कंपनीशी हितसंबंध नसल्याची म्हणजे स्वातंत्र्याची लेखी खात्री, आणि ग्रुप रिपोर्टवर सही होईपर्यंत घडलेल्या घटना कळवायच्या. निकालाची मुदत ६० दिवस, म्हणजे ३० मे, तर केनियाचं उत्तर मेच्या पहिल्या आठवड्यात हवं आणि पत्र जानेवारीत जायला हवं. एप्रिलमध्ये पोचलेल्या पत्राचा उपयोग नाही, तोवर ३१ मार्चची साठामोजणी होऊन गेलेली असते.

माझ्या मते पत्रापेक्षा त्याआधीचा एक तासाचा कॉल जास्त कामाचा. जळगावच्या टीमला मालाचा प्रवास माहीत असतो, नैरोबीच्या ऑडिटरला तिथले डीलर आणि सरकारी खाती पैसे कसे देतात ते माहीत असतं, धोका या दोन्हीतून ठरतो. गेल्या वर्षीचं पत्र तारीख बदलून पाठवलं तर तिकडून स्थानिक ऑडिटचाच रिपोर्ट फिरून येतो. तो ओळखायची खूण म्हणजे मटेरियालिटीचा आकडा, आपण ७० लाख दिले आणि उत्तरात १ कोटीच्या बरोबरीचे शिलिंग दिसले तर काम आपल्या सूचनेवर झालेलंच नाही.

उत्तर आलं की वर्किंग पेपर, म्हणजे तिथल्या ऑडिटरच्या तपासणीच्या नोंदी बघायच्या, निदान धोक्याच्या तीन ठिकाणच्या. कंपनी कायद्याचं कलम १४३ मूळ कंपनीच्या ऑडिटरला एकत्रीकरणापुरता उपकंपन्यांच्या कागदपत्रांचा हक्क देतं, पण परदेशी ऑडिटरच्या फाईलवर त्या कायद्याचा जोर चालत नाही, ती परवानगी आधीच लेखी घ्यावी लागते. चीनसारख्या देशात वर्किंग पेपर बाहेर नेण्यावर बंधनं आहेत, तिथे जाऊन किंवा स्क्रीनवर बघून आपल्या नोंदी आपण करायच्या. बघायलाच मिळालं नाही तर त्या भागाचा पुरावा जळगावच्या टीमने दुसऱ्या वाटेने मिळवायचा, जसं मार्चनंतर आलेले पैसे बँक स्टेटमेंटवरून तपासायचे, आणि तेही जमलं नाही तर रिपोर्टात साफ मत न देता तसं लिहायचं.