हेअरपिन द्विनलिका उष्णता विनिमयक : एकसरीतील संचांची संख्या

एका नळीच्या आत दुसरी नळी बसवून, आतल्या नळीतून एक द्रव आणि दोन नळ्यांमधल्या वलयाकार पोकळीतून दुसरा द्रव वाहवून उष्णतेची देवाणघेवाण करणाऱ्या उपकरणास द्विनलिका उष्णता विनिमयक म्हणतात. अशा दोन सरळ नळ्या एका टोकाला रिटर्न बेंडने जोडल्या की केसांच्या पिनेसारखा ‘हेअरपिन’ संच तयार होतो. आवश्यक तितके संच एकामागून एक जोडता येतात. संकेंद्री नळ्यांतील विरुद्धप्रवाहाचा वापर जर्मन अभियंता लिंडे याने १८९५ च्या सुमारास हवा द्रवरूप करण्यासाठी केला होता. रासायनिक व तेलशुद्धीकरण उद्योगांत हेअरपिनची रचना रुळली ती साधारणपणे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात.

संचांची संख्या ठरवण्याचे मूळ सूत्र साधे आहे.

```
A = Q / (U × LMTD)
```

येथे Q म्हणजे दर सेकंदाला द्यावयाची उष्णता, LMTD म्हणजे दोन्ही टोकांकडील तापमानफरकांची लॉगरिदमिक सरासरी आणि U म्हणजे एकूण उष्णता-संक्रमण गुणांक. A ला एका संचाच्या क्षेत्रफळाने भागायचे आणि येणारा अपूर्णांक पुढच्या पूर्णांकावर न्यायचा. Q आणि LMTD यांबद्दल वाद होत नाही. वाद होतो तो U बद्दल.

U काढण्यासाठी दोन्ही बाजूंचे पृष्ठगुणांक, म्हणजे द्रव आणि नळीची भिंत यांच्यामधील उष्णता-संक्रमणाचे गुणांक, लागतात. खळबळत्या प्रवाहासाठी ते बहुधा डिट्टस-बोल्टर समीकरणाने काढतात. त्याचा ०·०२३ हा सहगुणांक त्या दोघांचा म्हणून सर्वत्र सांगितला जातो. परंतु त्यांच्या १९३० च्या मूळ निबंधात तापवण्यासाठी ०·०२४३ आणि थंड करण्यासाठी ०·०२६५ असे दोन वेगळे आकडे आहेत. विंटरटन याने १९९८ मध्ये या प्रश्नाचा माग काढून ०·०२३ चे श्रेय मॅकॲडम्सकडे दिले. हे मत ग्राह्य वाटते. मूळ आकडे वापरल्यास पृष्ठगुणांक अनुक्रमे सुमारे ६ व १५ टक्क्यांनी वाढतात, आणि समीकरणाची स्वतःची अचूकताही त्याहून फारशी चांगली नाही.

दुसरा मतभेद वलयाकार पोकळीच्या समतुल्य व्यासाविषयी, म्हणजे प्रवाहक्षेत्राच्या चौपटीला परिघाने भागून येणाऱ्या व्यासाविषयी, आहे. एका परंपरेनुसार उष्णता फक्त आतल्या नळीतून जाते, म्हणून केवळ तिचाच परीघ धरावा. दुसरीनुसार दोन्ही भिंतींचा परीघ धरावा. २ इंची नळीत सव्वा इंची नळी (दोन्ही शेड्यूल ४०) बसवल्यास पहिल्या रीतीने व्यास २३·१ मिमी. येतो, दुसरीने १०·३ मिमी. फरक दुपटीहून जास्त दिसतो खरा; पण खळबळत्या प्रवाहात पृष्ठगुणांक व्यासाच्या फक्त ०·२ घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलत असल्याने उत्तरात फरक पडतो सुमारे साडेसतरा टक्क्यांचा. पहिली रीत कमी गुणांक देते, म्हणून संकल्पनासाठी तीच बरी. दाबघट काढताना मात्र १०·३ मिमी. हाच व्यास घ्यावा लागतो, कारण घर्षण दोन्ही भिंतींवर होते.

उदाहरणार्थ, सेकंदाला १ किग्रॅ. गरम पाणी ८०° से. वरून ५०° से. पर्यंत उतरवायचे आहे आणि त्यासाठी ३०° से. चे शीतकरणाचे पाणी सेकंदाला १·५ किग्रॅ. मिळते. Q सुमारे १२५ किलोवॅट येतो आणि थंड पाणीही ५०° से. वरच बाहेर पडते. टोकांकडील फरक ३० व २० अंश, म्हणून LMTD २४·७ अंश. गरम पाणी आतून आणि थंड पाणी बाहेरून नेले, तर स्वच्छ नळ्यांचा U सुमारे २३०० वॅट प्रति चौ.मी. प्रति अंश येतो. दोन्ही पृष्ठांवर प्रत्येकी ०·०००१८ चौ.मी.-अंश प्रति वॅट इतका फाउलिंग-रोध, म्हणजे साचणाऱ्या मळाचा उष्णतेला होणारा अडथळा, धरला की U १२०० वर घसरतो. त्यानुसार A सुमारे ४·२ चौ.मी.

एका हेअरपिनचे ६ मी. चे दोन पाय धरल्यास बाहेरील पृष्ठ १·५९ चौ.मी. भरते. रिटर्न बेंडभोवती पोकळी नसते, म्हणून तो मोजत नाहीत. नवशिक्यांकडून तो हमखास मोजला जातो. भागाकार २·६५ येतो, म्हणजे संच तीन.

हाच हिशेब उलट बाजूने, म्हणजे संच आधी ठरवून बाहेरचे तापमान काढून तपासला, तर तिसरा संच नेमका कशासाठी लागतो ते कळते. नळ्या मळलेल्या धरून एकूण एकच संच लावला तर गरम पाणी ६३·४, दोन लावले तर ५४·१, तीन लावले तर ४८·२ आणि चार लावले तर ४४·२ अंशांवर उतरते. प्रत्येक नवा संच आधीच्यापेक्षा कमी काम करतो. नळ्या स्वच्छ असतील तर दोनच संच ४४·८ अंशांपर्यंत नेतात आणि तीन ३९·६ पर्यंत. पहिल्या दिवशी पाणी गरजेपेक्षा दहा अंश जास्त थंड येते, आणि ‘एक संच फुकट घेतला’ अशी कुरकूर सुरू होते. तिसरा संच हा मळासाठी राखलेला असतो.

हे सर्व विरुद्धप्रवाह गृहीत धरून. दोन्ही द्रव एकाच टोकाकडून सोडले, तर या उदाहरणात कितीही संच लावले तरी ५० अंश गाठता येत नाहीत, कारण दोन्ही प्रवाहांचे मिश्र-तापमानच नेमके ५० अंश आहे. मळलेले तीन संच अशा जोडणीत ५३ वर थांबतात. म्हणून अपेक्षित तापमान मिळाले नाही, तर आणखी संच मागवण्याआधी जोडणी तपासावी.

औष्णिक हिशेबाने ठरलेली संख्या दाबघटीच्या कसोटीवर नापास होऊ शकते. वरील मांडणीत पोकळीतील थंड पाण्याचा वेग सेकंदाला जवळजवळ २ मी. होतो आणि तीन संचांतील दाबघट १·९ बारच्या घरात जाते. अशा कामाला सामान्यतः ०·७ बारच्या आसपास मुभा देतात. चौथा संच लावल्यास तीत ०·६ बारची भर पडेल. येथे प्रवाहांची अदलाबदल उपयोगी पडते. गरम पाणी पोकळीत आणि थंड पाणी आत नेल्यास U किंचित वाढून १२३० होतो, संच तीनच राहतात आणि पोकळीतील दाबघट सुमारे ०·८५ बारवर येते. शिवाय क्षार धरणारे शीतकरणाचे पाणी आतल्या नळीत येते व ती ब्रशने साफ करता येते. बाहेरची नळी आता गरम असल्याने तिला उष्णतारोधक आवरण मात्र हवे. ०·८५ बारही परवडत नसेल, तर पोकळीतील प्रवाह विभागून समांतर नेतात. पण मग शुद्ध विरुद्धप्रवाहाची LMTD लागू होत नाही आणि संचांची संख्या नव्याने काढावी लागते.

प्रत्येक रिटर्न बेंडपाशी आणि संचांमधील जोडावर तापमापीसाठी जागा ठेवल्यास मळ कुठे धरला हे ओळखता येते. सर्व संच सारखेच मळलेले असतील, तर वरील तीन संचांत गरम पाणी अनुक्रमे सुमारे १२, साडेदहा आणि ९ अंशांनी उतरते. कॅल्शियम कार्बोनेट गरम पृष्ठावर अधिक साचत असल्याने बहुधा पहिल्या संचाचा आकडा आधी घसरतो. तो दुसऱ्या संचाच्याही खाली गेला, की फक्त तेवढा संच उघडून साफ करतात.