गाडी आपल्याकडे येतेय की आपण गाडीकडे जातोय? डॉप्लरमधला चिन्हांचा घोळ

खडकी स्टेशनच्या फलाटावर तुम्ही उभे आहात आणि तिथे थांबा नसलेली एक्स्प्रेस ताशी 72 किलोमीटर वेगाने हॉर्न वाजवत येतेय. आता उलटं करू. एक्स्प्रेस सिग्नलला उभी राहून हॉर्न वाजवतेय आणि तुम्ही लोकलमध्ये बसून त्याच वेगाने तिच्या दिशेने जाताय. दोन्ही वेळा अंतर सेकंदाला 20 मीटरने कमी होतंय. मग डॉप्लर परिणामाने चढलेला हॉर्नचा स्वर दोन्ही वेळा तेवढाच ऐकू येईल का? सदाशिव पेठेतल्या माझ्या शिकवणीत अकरावीची पोरं इथे हमखास म्हणतात, "सर, सापेक्ष वेग तोच, मग उत्तरही तेच."

तेच येत नाही. कारण या गोष्टीत गाडी आणि तुम्ही यांच्याखेरीज तिसरी हवा आहे, आणि आवाजाचा वेग हवेच्या हिशेबात ठरतो. तो 340 मीटर प्रति सेकंद धरू आणि हॉर्नचा स्वर 340 हर्ट्झ, म्हणजे उभ्या गाडीच्या लहरीची लांबी बरोबर एक मीटर.

गाडी पळत येते तेव्हा ती आपल्याच लहरींचा पाठलाग करते. एक शीर्ष सुटल्यावर दुसरं सुटेपर्यंत, म्हणजे सेकंदाच्या 340व्या भागात, ती जवळपास सहा सेंटिमीटर पुढे आलेली असते. त्यामुळे हवेतली लहरच आखडून सुमारे 94 सेंटिमीटरची होते. या आखूड लहरी नेहमीच्याच वेगाने तुमच्यापर्यंत येतात: 340 × 340/320 = 361.25 हर्ट्झ.

तुम्ही गाडीकडे जाता तेव्हा हवेतल्या लहरीला काहीच झालेलं नसतं. ती एक मीटरचीच असते, फक्त तुम्ही तिला सामोरे जाता. सेकंदाला 340 शीर्षं मिळायची, त्यात धावून गाठलेली वीस जास्तीची: 360 हर्ट्झ.

फरक सव्वा हर्ट्झचा, म्हणून कुणाला तो किरकोळ वाटतो. मग वेग वाढवून बघा. श्रोता आवाजाच्याच वेगाने स्रोताकडे गेला तर त्याला दुप्पट, 680 हर्ट्झ मिळतात. स्रोत त्या वेगाने आला तर छेदात शून्य येतो, कारण सगळी शीर्षं एकावर एक चढलेली असतात. म्हणून श्रोत्याचा वेग अंशात बसतो आणि स्रोताचा छेदात:

```
f' = f × (v ± vL) / (v ∓ vS)
```

यात `f` मूळ स्वर, `f'` ऐकू येणारा, `v` आवाजाचा वेग, `vL` श्रोत्याचा, `vS` स्रोताचा, आणि वरची चिन्हं 'च्याकडे' जाण्यासाठी. मुलं घोटाळा करतात तो इथे. "जवळ म्हणजे अधिक" हे पाठ केलेलं असतं आणि छेदातही अधिक टाकून मोकळी होतात. पाठ करायचंच असेल तर "जवळ म्हणजे स्वर चढा" एवढं करा. स्वर चढायचा तर अंश वाढला पाहिजे किंवा छेद घटला पाहिजे, चिन्ह त्यातूनच निघतं.

खरी परीक्षा दोघंही एकाच दिशेला जात असले की होते. जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावर रुग्णवाहिका सेकंदाला 20 मीटरने पुढे चाललीय (सायरनचा एकच स्वर घेऊ, तोही 340 हर्ट्झ) आणि तुम्ही दुचाकीवर 15 मीटरने मागे आहात. वहीत बहुधा हे सापडतं: "अंतर वाढतंय, म्हणजे दोघंही दूर," म्हणून 325/360, उत्तर 307 हर्ट्झच्या आसपास. चूक. अंतर वाढतंय की घटतंय हे चिन्ह लावताना बघायचंच नाही. एकेकाला सुटं घ्या. रुग्णवाहिका जागच्या जागी थिजलीय असं समजा: तुम्ही तिच्याकडे जाताय, अंशात अधिक 15. मग तुम्हाला थांबवा: ती तुमच्यापासून दूर जातेय, छेदातही अधिक 20. 340 × 355/360, म्हणजे 335.3 हर्ट्झ.

ताळा सोपा आहे. दुचाकीचा वेगही 20 केला की तुमच्यातलं अंतर बदलत नाही, म्हणून स्वरही बदलायला नको. आपल्या मांडणीत 360/360 येतं, स्वर जसाच्या तसा. चुकीच्या मांडणीत 320/360 येतं, म्हणजे बरोबरीने चाललेल्याला स्वर उगाच उतरलेला ऐकू येईल. (ताशी किलोमीटरला 3.6 ने भागायचं विसरून 72 तसाच टाकणाऱ्यांना मात्र हा ताळाही वाचवत नाही, कारण दोन्हीकडे तीच चूक कटून जाते.)

वारा सुटला तर? हे सगळे वेग हवेच्या मानाने मोजलेले. वारा स्रोताकडून श्रोत्याकडे वाहत असेल तर `v` च्या दोन्ही जागी वाऱ्याचा वेग मिळवायचा, उलट असेल तर वजा करायचा. दोघंही उभे असतील तर अंश आणि छेद सारखेच राहतात. म्हणून वादळी वाऱ्यात दूरच्या देवळातली घंटा कधी मोठी, कधी बारीक ऐकू येते, पण वाऱ्याचा जोर स्थिर असेल तोवर तिचा स्वर काही हलत नाही.