‘आणखी पहा’च्या अलीकडची ओळ

आमच्या वाचनालयाच्या गटातून मागे एक सूचना गेली होती: ‘रविवारचे रक्तदान शिबिर ठरल्याप्रमाणे सकाळी नऊ वाजता मारुती मंदिराच्या सभागृहात होणार नाही, पुढची तारीख नंतर कळवू.’ फोनच्या बंद पडद्यावर ती ‘सभागृहात होणार…’ इथे कापली गेली. रविवारी नऊ वाजता सात-आठ माणसं सभागृहाच्या कुलपासमोर उभी होती. त्यात एक आजोबा बसने तासभर प्रवास करून आले होते. सूचनेत चूक एका अक्षराचीही नव्हती. वाक्य मराठी होतं आणि मराठीत नकार शेवटी येतो, एवढंच.

पोस्टची पहिली ओळ कशी असावी, यावर हल्ली पुष्कळ सल्ले मिळतात. त्यातले बहुतेक इंग्रजीतून आलेले असतात आणि ‘हूक’ म्हणजे वाचकाला अडकवणारं वाक्य, एवढीच त्यांची समजूत असते. ही ओळ आली कुठून ते पाहिलं, तर ती दोन वेगळ्या गरजांतून घडलेली दिसते. त्या दोन गरजा वेगळ्या ठेवणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

पहिली गरज पैशाची आणि जागेची. आपल्याकडे तारसेवा १८५५ मध्ये लोकांसाठी खुली झाली आणि जुलै २०१३ मध्ये बंद पडली. तारेला शब्दागणिक पैसे पडत. त्यामुळे ‘कसे आहात’ला तिथे जागा नव्हती, पहिल्याच शब्दात मुद्दा असे. बातमीदारीतला ‘उलटा पिरॅमिड’ही तारेतून जन्मला, असं पत्रकारितेच्या वर्गात सांगतात: अमेरिकी यादवी युद्धात तारा मध्येच तुटायच्या, म्हणून बातमीदार महत्त्वाचं आधी धाडू लागले. गोष्ट ऐकायला छान आहे, पण इतिहासकारांना ती जशीच्या तशी मान्य नाही. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे हळूहळू रुळत गेली. ती टिकण्यामागे छापखान्यातलं एक साधं कारणही होतं. पान लावताना बातमी जागेपेक्षा लांब निघाली, तर तळाकडून ओळी काढणं सर्वांत सोपं. वरच्या परिच्छेदात सगळं असेल, तर खालून कितीही कापा, बातमी उभी राहते.

मराठी दैनिकांत या पहिल्या परिच्छेदाला आजही ‘इंट्रो’च म्हणतात. इंट्रोचं काम वाचकाला थांबवून ठेवण्याचं नव्हतं. तेवढंच वाचून कोणी पान उलटलं, तरी त्याच्या पदरी बातमी पडावी, हे त्याचं काम. ‘केसरी’ने १८९७ मध्ये ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ असं शीर्षक दिलं तेव्हा तो प्रश्न खेचून घेणारा होता खराच. पण त्या शीर्षकातच लेखाची भूमिका उघड आहे. सरकारबद्दल लेखकाला काय म्हणायचं आहे, हे कळायला अग्रलेख उघडावा लागत नाही.

पुढची कात्री फोनमधून आली. १९८५ मध्ये बॉनमध्ये फ्रिडहेल्म हिलेब्रांट हे अभियंते टाइपरायटरवर सुचतील ती वाक्यं आणि प्रश्न टाइप करून त्यातली अक्षरं मोजत बसले. जवळजवळ प्रत्येक मजकूर १६० चिन्हांच्या आत बसतो, असं त्यांना दिसलं आणि एसएमएसची मर्यादा तिथे ठरली. त्या १६० मध्ये आपण मात्र नव्हतो. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षराला ७ बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरं. देवनागरी चिन्हाला १६ बिट लागतात, म्हणून ७० चिन्हं. त्यातही काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं. ‘महाराष्ट्र’ डोळ्यांना चार अक्षरी दिसतो, पण मोजताना दहा भरतात. मराठी माणसं रोमन लिपीत ‘कसा आहेस’ लिहू लागली, त्यामागे या हिशेबाचा मोठा वाटा होता.

ट्विटरने २००६ मध्ये त्याच १६० मधून नावासाठी २० वगळून १४० ठेवले आणि २०१७ मध्ये २८० केले. इथपर्यंतच्या सगळ्या मर्यादा लिहिण्यावरच्या होत्या. जे लिहिलं ते सगळं दिसत होतं.

दुसरी गरज वाचकाला थांबवून ठेवण्याची. फेसबुकने सप्टेंबर २००६ मध्ये न्यूज फीड आणलं. एके काळी ४२० चिन्हांपुरता असलेला तिथला स्टेटस २०११ च्या अखेरीस ६३ हजारांवर गेला. म्हणजे लिहिण्यावरचं बंधन जवळपास उठलं, पण एकाच पोस्टने सगळा पडदा व्यापू नये म्हणून दाखवण्यावर बंधन राहिलं. पहिल्या काही ओळी, मग तीन टिंबं आणि ‘आणखी पहा’. तारेच्या काळी कापलेला मजकूर वाचकापर्यंत पोचतच नसे. आता तो एका टिचकीवर असतो. कोणी टिचकी मारली आणि कोण किती वेळ थांबलं, हे मोजताही येतं. लिंक्डइनने २०२० मध्ये जाहीर सांगितलं की, वाचक पोस्टवर किती वेळ रेंगाळतो हेही फीडची क्रमवारी ठरवताना धरलं जातं.

मोजमाप आलं आणि पहिल्या ओळीचं काम उलटं फिरलं. इंट्रो बातमी देत होता, नवी ओळ बातमी राखून ठेवू लागली. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘अपवर्दी’ या अमेरिकी संकेतस्थळावर एकेका मजकुरासाठी पंचवीस शीर्षकं लिहायचा शिरस्ता होता. त्यातली काही थोड्या वाचकांवर तपासून ज्याला जास्त टिचक्या मिळतील ते ठेवायचं. ‘पुढे जे घडलं ते पाहून थक्क व्हाल’ ही आपल्याकडची धाटणी त्याच घराण्यातली. फेसबुकने ऑगस्ट २०१४ मध्ये अशा मजकुराला मागे ढकलायला सुरुवात केली. त्या वेळी त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते: वाचकांना विचारलं तेव्हा ८० टक्के वेळा त्यांनी असंच शीर्षक पसंत केलं, ज्यावरून पूर्ण लेख वाचायचा की नाही हे ठरवता येईल. म्हणजे वाचक मागत होता इंट्रोच. २०१६ मध्ये माहिती मुद्दाम दडवणारी शीर्षकं आणि २०१७ च्या अखेरीस ‘सहमत असाल तर लाइक करा’ छापाच्या पोस्ट मागे टाकायचं ठरलं.

कापणी नेमकी कुठे होते, याबद्दल बराच गैरसमज आहे. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनला २२०० चिन्हं चालतात, त्यातली साधारण पहिली १२५ दिसतात, असं सांगितलं जातं. हा आकडा अंदाजाला ठीक आहे. पण पडद्यावर मजकूर पुष्कळदा चिन्हं मोजून नव्हे, ओळी मोजून कापतात. वेबपानावर त्यासाठीची सूचना अशी असते:

```css
display: -webkit-box;
-webkit-box-orient: vertical;
-webkit-line-clamp: 3;
overflow: hidden;
```

म्हणजे तीन ओळी दाखव, पुढचं झाक. ओळीत किती मावेल हे फोनच्या रुंदीवर आणि अक्षराच्या आकारावर ठरतं. ज्या काकांनी डोळ्यांसाठी अक्षर मोठं केलं आहे, त्यांच्याकडे तुमची ओळ दोन-तीन शब्द आधीच तुटते. पहिल्या वाक्यानंतर मोकळी ओळ सोडली असेल तर बहुतेक ठिकाणी तीही ओळ म्हणून मोजली जाते. म्हणून आकडा पाठ करण्यापेक्षा अक्षर मोठं ठेवलेल्या एखाद्या फोनवर पोस्ट पाहणं जास्त खात्रीचं.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. देवगडला माझ्या मावसभावाची हापूसची बाग आहे. गेल्या हंगामात त्याने लिहिलेली पोस्ट अशी सुरू होत होती: ‘नमस्कार मित्रांनो, सर्वप्रथम आपणा सर्वांना गुढीपाडव्याच्या हार्दिक शुभेच्छा. गेली बारा वर्षे आपण आमच्या बागेवर जो विश्वास दाखवलात त्याबद्दल…’ यातली १२५ चिन्हं मोजली तर ‘दाखवलात’ या शब्दाच्या मध्येच संपतात. शुभेच्छा पोचल्या, आंबा पोचला नाही. खरी बातमी सातव्या ओळीत होती: डिसेंबरात अवेळी पाऊस झाल्याने पहिला मोहोर गळाला होता आणि पेट्या नेहमीच्या निम्म्या निघणार होत्या.

त्याच्या मुलीने सुचवलं, ‘बाबा, असं लिहा: यंदा आंब्याबद्दल एक वाईट बातमी आहे…’ टिचक्या मिळाल्या असत्या, यात शंका नाही. पण बारा वर्षं पेटी घेणाऱ्या माणसाला कोड्यात टाकणं त्याला पटेना आणि मलाही पटलं नाही. शेवटी ओळ ठरली ती ही: ‘यंदा पेट्या निम्म्याच आहेत. डिसेंबरातल्या पावसाने पहिला मोहोर गळाला.’ ही ६८ चिन्हं भरली, म्हणजे जुन्या मराठी एसएमएसमध्येही ती मावली असती. पहिलं वाक्य चार शब्दांत पुरं होतं, त्यामुळे त्याचं क्रियापद कापणीच्या बरंच अलीकडे येतं. कारण दुसऱ्या वाक्यात आहे. ते कापलं गेलं तरी कोणाचा गैरसमज होत नाही.

मराठीपुरता मुद्दा इथेच आहे. इंग्रजी वाक्यात कर्त्यामागोमाग क्रियापद येतं, त्यामुळे ओळ कुठेही तुटली तरी काय झालं ते बहुधा कळलेलं असतं. आपल्या वाक्यात कोणी, कुठे, कधी, कशासाठी हे सगळं आधी येतं आणि ‘झाले’, ‘मिळेल’, ‘नाही’ हे टोकाला. ‘नगरपालिकेने दुरुस्तीच्या कामासाठी पूर्व भागातील सर्व प्रभागांचा पाणीपुरवठा उद्यापासून तीन दिवस…’ इथे तुटलं तर पाणी येणार की जाणार? आपल्या वृत्तपत्रांनी यावर फार पूर्वी उपाय शोधला होता. शीर्षकात त्यांनी क्रियापदच टाळलं: ‘पूर्व भागात तीन दिवस पाणी बंद’. आधीच्या लांब वाक्यातला मुख्य मुद्दा यात आला आणि तुटायला काही उरलं नाही.

दुसरा उपाय शब्द पुढे ओढण्याचा. ‘रद्द’, ‘पुढे ढकलले’, ‘जागा बदलली’ हे शब्द वाक्याच्या शेवटी शोभतात, पण सूचनेत ते दारातच उभे हवेत. ‘की’चाही उपयोग होतो. ‘शनिवारी दुकान उघडे राहणार नसल्याचे कळवण्यात येते’ याऐवजी ‘कळवायचं एवढंच की शनिवारी दुकान बंद’ असं लिहिलं तर ‘उघडे… नसल्याचे’ असा वळसा न घेता नकार सरळ येतो. अर्थात ‘कळवायचं एवढंच की’ हे तीन शब्द खर्च झालेच. म्हणून नुसतं ‘शनिवारी दुकान बंद’ हेच बरं.

वाचनालयाची ती सूचना आम्ही त्याच दुपारी पुन्हा पाठवली: ‘रद्द: रविवारचे रक्तदान शिबिर.’ पुढची तारीख ठरल्यावर त्या आजोबांना मात्र फोन करून सांगितली.